मोदक वाफेवर असताना फी सांगा: लाइव्ह स्वयंपाकाचं वेळेनिशी स्क्रिप्ट

प्रश्न: सणाच्या स्वयंपाकाचा माझा ऑनलाइन कोर्स गणपतीच्या आधी सुरू करतेय. सहा पदार्थ आहेत, पहिला उकडीचे मोदक. फी १,५०० रुपये. रविवारी १६ ऑगस्टला रात्री आठ वाजता यूट्यूबवर लाइव्ह येऊन मोदक करून दाखवायचे आणि तिथेच कोर्स जाहीर करायचा, असं ठरवलंय. कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं, कुठल्या मिनिटाला बोलायचं आणि फीचं कधी काढायचं, याचं स्क्रिप्ट कसं लिहू? नमुना द्याल का?

उत्तर: फीचा विषय मोदक वाफेवर असताना काढा. आणि स्क्रिप्ट लिहायला बसण्याआधी एकदा तोंडातून अवाक्षर न काढता मोदक करा, समोर फोनवर रेकॉर्डिंग लावून.

स्वयंपाकाच्या लाइव्हमध्ये घड्याळ तुमच्या हातात नसतं, ते गॅसवर असतं. बहुतेक जणी आधी भाषण लिहितात आणि मग त्यात मोदक बसवायला बघतात. परिणामी पाण्याला उकळी फुटते तेव्हा त्या स्वतःची ओळख करून देत असतात, आणि पातेल्यावर झाकण ठेवून स्वस्थ उभं राहायची वेळ येते तेव्हा बोलायला काही उरलेलं नसतं. म्हणून आधी कृतीचं वेळापत्रक काढायचं आणि बोलणं त्यात भरायचं.

ते मुकं रेकॉर्डिंग बघताना प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारा: इथे माझं काय गुंतलेलं आहे? उकड मळताना हात गुंतलेले असतात, पण नजर वर करता येते. हातात काय लागतंय ते सांगता येतं. कळ्या पाडताना डोळेही गुंततात. तिथे कोर्सबद्दल बोलू नका, कारण वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि पारीही फाटते. झाकण ठेवलेलं असतं तेव्हा हात आणि डोळे दोन्ही मोकळे असतात. मोदकांत अशा दोन वेळा येतात: उकड झाकून मुरते तेव्हा पाच-सहा मिनिटं आणि मोदक वाफवताना दहा-अकरा मिनिटं. पहिल्या झाकणाखाली कोर्सची ओळख, दुसऱ्या झाकणाखाली फी. बाकी सगळा वेळ फक्त मोदकांचा.

दुसऱ्या झाकणाआधी फी न काढण्याचं आणखी एक कारण आहे. तोपर्यंत बघणाऱ्यांनी तुमचे हात बघितलेले असतात. उकड कशी मळली, पारी कशी झाली, प्रश्नाला उत्तर कसं दिलं, यावरून तुम्ही कशा शिकवता ते त्यांना कळलेलं असतं. आणि मोदक अजून बाहेर आलेले नसतात, त्यामुळे फी ऐकून कोणी उठून जात नाही. मोदक ताटात आल्यावर फी सांगायला घेतली तर बघायचं ते बघून झालेलं असतं आणि माणसं पांगायला लागतात.

आता तुमचं वेळापत्रक. मी एकूण ४० मिनिटं धरली आहेत. सारण आधी करून गार केलेलं असावं: दोन वाट्या ओला खोवलेला नारळ आणि एक वाटी चिरलेला गूळ. ते लाइव्ह करायला घेतलंत तर शिजायला आणि गार व्हायला मिळून सगळा कार्यक्रम खाऊन टाकेल. एक मोदक आधीच वाफवून ठेवा, तो पहिल्याच मिनिटाला लागणार आहे. एक वाटी पिठी मोजून ठेवा. पाण्याचं पातेलं लाइव्ह सुरू होण्याच्या चार-पाच मिनिटं आधी मंद आचेवर ठेवा, म्हणजे दुसऱ्या मिनिटाला आच वाढवली की लगेच उकळी येईल.

बोलण्याचा माझा हिशोब असा: हात मोकळे असतील तर मिनिटाला साधारण १०० शब्द, मळताना ६०. याहून जास्त लिहिलंत तर घाई होते आणि धाप आवाजात ऐकू येते. शब्दन्‌शब्द फक्त तीनच जागा लिहून पाठ करा: पहिली दोन मिनिटं, फी आणि निरोप. बाकीच्या टप्प्यांना दोन-तीन खुणेचे शब्द पुरतात, कारण ते काम तुमच्या हातात बसलेलं आहे आणि ते तुम्ही तुमच्या भाषेत सांगितलेलंच चांगलं.

०:०० ते २:०० | सुरुवात (पाठ)

*हात:* केळीच्या पानावर ठेवलेला तयार मोदक उचलून मधोमध फोडायचा. कॅमेरा मोदकावर, चेहऱ्यावर नाही.

"ही पारी बघा. किती पातळ आहे, आणि तरी कुठे चीर नाही. सारण आत ओलसर आहे, पण गळत नाही. असा मोदक पुढच्या चाळीस मिनिटांत मी तुमच्यासमोर पहिल्यापासून करणार आहे. मोदक फाटतो तो बहुतेक वेळा कळ्या पाडताना फाटतो, पण त्याचं कारण आधीच, उकडीत झालेलं असतं. त्यामुळे आज आपला जास्तीत जास्त वेळ उकडीत जाणार आहे. तुमचा मोदक कुठे अडतो ते चॅटमध्ये एका शब्दात लिहा: उकड, पारी, कळ्या की वाफ. मी तुमची उत्तरं बघतच पुढे जाणार आहे. सणाच्या स्वयंपाकाच्या माझ्या कोर्सची नोंदणीही आज सुरू होतेय. त्याबद्दल मोदक वाफेवर ठेवल्यावर सांगेन. आता पाणी."

"थांबूया हं, अजून लोक येतायत" हे वाक्य अजिबात नको. हा व्हिडिओ नंतर चॅनेलवर राहणार आहे आणि मागाहून बघणाऱ्याला पहिली चार मिनिटं कोणाची तरी वाट बघत बसावी लागली तर तो पुढे सरकवतो किंवा बंद करतो. उशिरा येणाऱ्यांचं काही बिघडत नाही, पिठी पाण्यात पडते ते बघायला मिळालं की पुरे.

कोर्सचा उल्लेख सुरुवातीलाच एका वाक्यात करायचा आणि तो कधी सविस्तर येईल हेही सांगून टाकायचं. नाहीतर अर्ध्या तासाने फी ऐकल्यावर माणसाला वाटतं, मोदकांच्या नावाखाली बसवून ठेवलं.

२:०० ते ५:०० | उकड काढणं (खुणेचे शब्द)

*कार्डावर:* समप्रमाण – मीठ, तूप – एकदम ओता – झाकण.

इथे सांगायचं ते इतकंच: एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. जुन्या तांदळाची पिठी थोडं जास्त पाणी ओढते, म्हणून पाव वाटी गरम पाणी बाजूला ठेवायचं. पाणी खळखळ उकळल्यावर आच मंद करून पिठी एकदम घालायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, झाकण ठेवायचं. पिठी ओतताना गप्प राहा. ते दहा सेकंद लोकांना आवाज ऐकू द्या.

५:०० ते ११:०० | पहिलं झाकण

दोन मिनिटं मंद आच, मग गॅस बंद, आणि चार मिनिटं उकड झाकलेलीच. या सहा मिनिटांत तीन गोष्टी करायच्या. आधी सारण दाखवा: चमच्याने उचललं की एकत्र राहतं पण ताटलीवर पाणी सोडत नाही, हे जवळून. मग तुम्ही कोण, हे चार वाक्यांत. आणि शेवटी कोर्स कोणासाठी आहे ते.

"हा कोर्स मी दोन प्रकारच्या लोकांसाठी केलाय. एक, जे घरापासून लांब राहतात आणि सणाला घरी फोन करून कृती विचारतात. आणि दुसरे, ज्यांना हे पदार्थ येतात, पण एकदा जमतात आणि एकदा बिघडतात, आणि का ते कळत नाही. ज्यांचे मोदक, पुरणपोळ्या आणि अनारसे दर वेळी जमतात त्यांनी हा कोर्स घेऊ नये, त्यांच्यासाठी यात नवं फार काही नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. ज्यांना कोर्स नको ते बिनधास्त मोदक बघत बसतात, आणि ज्यांना हवा ते तुमच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवतात. फीचा आकडा इथे घ्यायचा नाही. चॅटमध्ये कोणी विचारलंच तर चॅट सांभाळणाऱ्या व्यक्तीने रक्कम लगेच लिहून टाकावी. विचारल्यावर लपवली असं वाटता कामा नये.

११:०० ते १७:०० | उकड मळणं

हा भाग सगळ्यांत मोलाचा आहे, इथे घाई करू नका. उकड परातीत काढायची, सोसवेल इतकी गरम असतानाच मळायला घ्यायची, एका वाटीत पाणी आणि एका वाटीत तेल. पहिलं मिनिट वाटीच्या बुडाने दाबत मळायचं, कारण हाताला चटका बसतो. उकड कोरडी वाटली की पाण्याचा हात, चिकटायला लागली की तेलाचा.

आणि मग परीक्षा. ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेऊन करा: लिंबाएवढा गोळा घेऊन तळव्यांत वळायचा आणि बोटांनी दाबायचा. कडेला चिरा पडल्या तर अजून मळायचं. कड गुळगुळीत राहिली तर उकड झाली. दोन मिनिटं मळल्यावर एकदा आणि एकूण पाच मिनिटं मळून झाल्यावर पुन्हा, अशी दोनदा करा. पहिल्यांदा चिरा पडतीलच. त्या लोकांना दिसू द्या आणि म्हणा: "बहुतेक जण इथे थांबतात आणि पुढे कळ्या फाटतात. अजून तीन मिनिटं."

मळताना चॅटला प्रश्न विचारायचा असेल तर उशिराचं गणित सांभाळा. लाइव्हचं चित्र बघणाऱ्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं, मग तो टाइप करणार, मग ते तुमच्यापर्यंत येणार. प्रश्न विचारून उत्तराकडे बघत उभं राहिलात तर पंधरा-वीस सेकंदांची पोकळी पडते आणि तुम्हाला वाटतं कोणी बघतच नाही. प्रश्न टाकला की लगेच हाताकडे वळा, पुढचं वाक्य पुरं करा आणि मग उत्तरं वाचा. माझ्या कार्डावर अशा जागी "प्रश्न – १ वाक्य – वाचा" असं लिहिलेलं असतं. यूट्यूबच्या लाइव्ह सेटिंगमध्ये उशीर कमी करण्याचा पर्याय असतो. घरातलं नेट डळमळीत असेल तर तो अगदी कमीवर ठेवू नका, चित्र अडकायला लागतं.

१७:०० ते २४:०० | पारी, सारण, कळ्या

पाच मोदक करा, त्यातले तीन सावकाश. पहिला करताना फक्त हाताबद्दल बोला: पारीची कड मध्यापेक्षा पातळ, कळ्या बोटांच्या चिमटीत आणि एकमेकींना चिकटून, सारण पारीच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त. दुसऱ्याला बोलणं कमी. तिसऱ्यापासून चॅटमधले प्रश्न, पण ते तुम्ही वाचू नका. मदतीला बसलेल्या व्यक्तीने मोठ्याने विचारावेत आणि तुम्ही मोदकावरून नजर न काढता उत्तर द्यावं. प्रश्न निवडायचं कामही तिचंच.

या सात मिनिटांसाठी स्क्रिप्टमध्ये एक पर्यायी कार्ड हवंच: "पारी फाटली तर." लाइव्हमध्ये ती कधीतरी फाटतेच आणि तेव्हा सुचेल ते बोलायचं म्हटलं तर तोंडातून "नेहमी असं होत नाही" निघतं. त्याऐवजी हे बोला:

"ही चीर बघा. चीर कळीच्या मुळाशी आहे, म्हणजे पारी तिथे जास्त पातळ झाली. बोट ओलं करायचं, उकडीचा वाटाण्याएवढा तुकडा चपटा करायचा आणि आतून लावायचा, बाहेरून नाही. बाहेरून लावलेला वाफेत सुटतो. आणि एकामागून एक तीन मोदक फाटले तर मोदक करणं थांबवा. उकड गार झालीय. गरम पाण्याचा हात लावून पुन्हा मळा."

बघणारीला कोर्समधून हवं असतं ते हेच: बिघडलं तर काय करू. त्यामुळे पारी फाटली तर दुरुस्ती शांतपणे, जवळून दाखवा. मुद्दाम मात्र फाडू नका.

चोविसाव्या मिनिटाला मोदक चाळणीत हवेत. मोदकपात्रातलं पाणी विसाव्या मिनिटालाच उकळत ठेवायला मदतनीसाला सांगून ठेवा. चाळणीत हळदीचं पान, मोदकांना पाण्याचा हात, दोन मोदकांत बोटभर अंतर, झाकण. झाकण ठेवताना घड्याळ दाखवा: "आठ चोवीस. आठ पस्तीसला उघडायचं." त्या एका वाक्याने लोकांना कळतं की पुढची अकरा मिनिटं कशाची आहेत आणि ती कधी संपणार.

२४:०० ते ३५:०० | दुसरं झाकण: कोर्स आणि फी (पाठ)

*हात:* पुसून कोरडे. ओट्यावरची परात बाजूला. आता कॅमेरा चेहऱ्यावर.

"आता अकरा मिनिटं आहेत, तेवढ्यात कोर्सचं सगळं सांगते.

सहा पदार्थ: उकडीचे मोदक, ऋषीची भाजी, पुरणपोळी, करंज्या, चकल्या आणि अनारसे. दर शनिवारी सकाळी एक रेकॉर्ड केलेला धडा येईल. तो आज मळलेल्या उकडीसारखाच, प्रत्येक परीक्षा जवळून दाखवलेला. रविवारी संध्याकाळी दीड तास आपण लाइव्ह भेटू. तेव्हा तुम्ही तुमच्या घरी पदार्थ करायचा आणि मला कॅमेऱ्यावर दाखवायचा. कुठे काय बिघडतंय ते मी सांगेन. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि त्यानंतर पीठ मुरावं लागतं, म्हणून त्याची तयारी पाचव्या आठवड्यातच सुरू होईल.

पहिला धडा शनिवारी २२ ऑगस्टला. म्हणजे गणपती यायच्या आधी तुमचे दोन-तीन वेळा मोदक करून झालेले असतील.

फी १,५०० रुपये. सहाही पदार्थांची मिळून. यावर वेगळा कर किंवा कसलाही चार्ज नाही. जी रक्कम मी सांगितली तीच पैसे भरताना दिसेल. साहित्य तुमचं तुम्ही आणायचं, त्याची यादी नाव नोंदवल्यावर लगेच मिळेल."

इथे थांबा. तीन सेकंद पुरे, पण थांबाच. फी सांगून लगेच "तशी ही काही जास्त नाही" असं समर्थन सुरू झालं की ऐकणाऱ्याला तुमची धाकधूक कळते. मदतनीसाने याच क्षणी नोंदणीची लिंक चॅटमध्ये टाकून पिन करायची. तीच लिंक व्हिडिओच्या वर्णनात आधीपासून असावी. तिने "लिंक टाकली" हे कार्ड वर धरलं की पुढे बोला:

"लिंक चॅटमध्ये वर दिसतेय, आणि व्हिडिओच्या खाली वर्णनातही आहे. जागा ४० आहेत, कारण रविवारी दीड तासात त्याहून जास्त जणांचे पदार्थ मी नीट बघू शकत नाही. नोंदणी गुरुवारी २० ऑगस्टला रात्री दहाला बंद होईल, शुक्रवारी गट करायचे आहेत. पहिला धडा आणि पहिला रविवार झाल्यावर हा कोर्स आपल्यासाठी नाही असं वाटलं, तर बुधवार, २६ ऑगस्टपर्यंत कळवा, पूर्ण पैसे परत. कारण सांगायची गरज नाही. आता प्रश्न विचारा."

दोन-तीन गोष्टी इथे जपा. जागा ४० सांगितल्या तर त्या खरोखर ४० हव्यात, आणि गुरुवार सांगितला तर शुक्रवारी नोंदणी बंद असायला हवी. "शेवटच्या पाच जागा" असं खोटं सांगणं हा नुसता नैतिकतेचा मुद्दा नाही. ग्राहकांची ऑनलाइन दिशाभूल रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खोटी निकड निर्माण करणं आणि आधी कमी किंमत सांगून पैसे भरताना वाढवणं, या दोन्हींना मनाई आहे. म्हणून कर लागत असेल तर तो धरूनच आकडा बोला. आणि "उद्या", "परवा" म्हणू नका, तारीख म्हणा. जो बुधवारी रेकॉर्डिंग बघेल त्याचा उद्या वेगळा असतो.

उरलेली सहा-सात मिनिटं प्रश्नांची. चार प्रश्नांची उत्तरं आधीच तयार ठेवा, ते येतातच: धडे किती दिवस बघता येतील, रविवार चुकला तर काय, परदेशातून पैसे कसे भरायचे, नारळ आणि तांदूळ पिठी तिकडे कुठली घ्यायची. शेवटचे दोन तुमच्या वेळेमुळे नक्की येणार. भारतात रविवारी रात्रीचे आठ म्हणजे ऑगस्टमध्ये लंडनला दुपारचे साडेतीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा, म्हणजे तिकडच्या मराठी घरांना सोयीची वेळ. परदेशातल्या बँक खात्यावरून साधं यूपीआय सहसा चालत नाही, तेव्हा कार्डाने पैसे भरायची सोय आधी करून, एखाद्या ओळखीच्या व्यक्तीकडून भरून बघून ठेवा. लाइव्ह चालू असताना "लिंक चालत नाहीये" असा मेसेज आला तर आठ-दहा जण तिथेच गळतात.

प्रश्नच आले नाहीत तर? मदतनीसाने तयार ठेवलेल्या चारांतला एक विचारावा आणि म्हणावं, "बऱ्याच जणांना शंका असते की..." खोट्या नावाने विचारू नये.

३५:०० ते ४० | झाकण उघडणं आणि निरोप

आठ पस्तीसला बोलणं कुठेही असो, तोडा आणि झाकण उघडा. सांगितलेली वेळ पाळली तर गुरुवारची वेळही पाळाल हे लोकांना पटतं. शिवाय जास्त वाफवलेला मोदक फुटतो. आधी फोन हातभर मागे घ्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते आणि ज्या क्षणासाठी सगळे थांबलेत तोच धूसर दिसतो. झाल्याची खूण दाखवा: पारीला तकाकी आलेली असते आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग एक मोदक केळीच्या पानावर घेऊन फोडा, वर तूप.

निरोप छोटा आणि पाठ:

"आज केलेल्या मोदकांचं प्रमाण व्हिडिओच्या खाली लिहिलंय, कोर्स न घेताही तुम्ही करू शकता. कोर्ससाठी लिंक तिथेच आहे, फी १,५०० रुपये, नोंदणी गुरुवारी २० ऑगस्टला रात्री दहापर्यंत. रविवारी कॅमेऱ्यावर तुमच्या उकडी बघायला मी थांबलेय. नमस्कार."

त्यानंतर नवा मुद्दा काढू नका. लाइव्ह बंद.

कार्डं आणि मदतनीस

स्क्रिप्ट ओट्यावर कागदात ठेवलंत तर मान सतत खाली जाते आणि कागदाला उकड लागते. ए-फोर कागद आडवा धरून, जाड मार्करने, एका कार्डावर चार ओळींपेक्षा जास्त नाही, आणि तो कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी. वरच्या कोपऱ्यात त्या टप्प्याची संपायची वेळ घड्याळाप्रमाणे लिहा: "८:१७", "१७ मि." असं नाही. ऐनवेळी वजाबाकी सुचत नाही.

मदतनीस एकच असावी आणि तिच्याकडे तुमच्याकडची कार्डं आणि "लिंक टाकली" सोडून आणखी तीन असावीत: "आवाज नाही", "हळू" आणि "२ मि. राहिली". तिच्या फोनवर लाइव्ह आवाज बंद करून चालू असावं. तुमच्या माइकमधून नीट जातंय ना, हे तिने दर पाच मिनिटांनी इअरफोनने ऐकावं. चिमणी आणि पंखा बंद. शेगडीवरचा आवाज कॉलरला लावलेल्या माइकवर सहन होतो, चिमणीचा नाही. फोनवर कॉल येणार नाहीत अशी सोय करून ठेवा, कारण एका कॉलने प्रसारण थांबू शकतं. मोदक पांढरे असतात, ते स्टीलच्या ताटात ठेवले की कॅमेरा प्रकाश चुकवतो आणि कळ्या दिसत नाहीत. केळीचं पान किंवा काळसर ताट घ्या आणि मोदकावर बोट धरून फोकस व प्रकाश लॉक करा.

नेट तुटलं तर परत आल्यावर पहिल्यापासून सांगू नका. ज्या कार्डावर तुटलं तिथून एक वाक्य मागे जाऊन पुढे चला. उकड थांबत नाही. मळण्याच्या आधी तुटलं आणि पाच मिनिटं गेली तर ती उकड गार झालेली असेल. गरम पाण्याचा हात लावून मळा आणि तसं सांगा.

तुमच्या चॅनेलवर लाइव्ह कधी केलं नसेल तर ते सुरू करण्याची विनंती आजच टाका. यूट्यूबला पहिल्यांदा परवानगी द्यायला २४ तास लागू शकतात. मोबाइलच्या ॲपवरून लाइव्ह करायचं असेल तर किमान ५० सबस्क्राइबर लागतात. तालमी दोन करा: एक मुकी आणि एक खासगी लाइव्हवर, पूर्ण बोलून, खरा गॅस लावून. दुसरीत दुसऱ्या झाकणाखालचं बोलणं अकरा मिनिटांत बसत नसेल तर कोर्सची माहिती कापा, प्रश्नांचा वेळ कापू नका.

लाइव्ह संपल्यावर त्याच रात्री वर्णनात टप्पे टाका, म्हणजे मागाहून येणाऱ्याला हवं ते सापडेल. पहिली ओळ 0:00 हवी आणि आकडे इंग्रजी, नाहीतर यूट्यूब ते ओळखत नाही.

```
0:00 तयार मोदक
2:00 उकड काढणं
11:00 उकड मळणं आणि परीक्षा
17:00 पारी आणि कळ्या
24:00 कोर्स, फी, प्रश्न
35:00 मोदक उघडणं
```

फीचा टप्पा यादीतून लपवू नका. ज्याला फक्त तेच बघायचंय तो थेट तिथे जातो. आणि गुरुवारी रात्री दहाला नोंदणी बंद केलीत की वर्णनातली लिंक काढून तिथे पुढच्या तुकडीची तारीख लिहा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात "उकडीचे मोदक" शोधत पुष्कळ जण या व्हिडिओवर येतील, तेव्हा त्यांना बंद झालेलं पान दिसायला नको.